योगाच्या व्हिडिओसाठी टीव्ही: अंतर, उंची, डावे-उजवे आणि आवाज

प्रश्न: जुळे सोलापूरला आमचा दहा बाय बाराचा हॉल आहे. ४३ इंची टीव्ही दहा फुटांच्या भिंतीवर, शोकेसच्या वर, मध्य जमिनीपासून साडेपाच फुटांवर येईल असा लावलेला आहे. मी (वय ५८) आणि सौ. रोज सकाळी योगाचे व्हिडिओ लावून आसने करतो. मान धरते, डावे-उजवे सारखे चुकते, पंखा लावला की बाईंचे बोलणे कळत नाही, आणि फोन टीव्हीला जोडला की चित्र अडकते. मोठा टीव्ही घ्यावा का?

उत्तर:

टीव्ही बदलू नका, त्याची जागा बदला. मी गेली अनेक वर्षे सोलापुरात योगवर्ग घेते. २०२० च्या टाळेबंदीत वर्ग ऑनलाइन गेले, तेव्हापासून विद्यार्थ्यांच्या घरी जाऊन टीव्ही, चटई आणि स्पीकर यांची मांडणी लावून देणे हेही माझे काम होऊन बसले आहे. या अनुभवातून सांगते की आपल्या चारही तक्रारींचे मूळ जवळजवळ एकच आहे. आपण हॉलमध्ये टीव्ही लावला तो सोफ्यावर बसून मालिका आणि बातम्या पाहण्यासाठी. आसन करणाऱ्याचे डोळे मात्र तासाभरात जमिनीपासून वीतभर उंचीपासून पाच फुटांपर्यंत कुठेही असतात, आणि निम्म्या वेळी त्याने पडद्याकडे पाहणेच चुकीचे असते. म्हणून मांडणी करताना एवढे गृहीत धरावे की उभे असताना आणि मांडी घालून बसलेले असताना डोळ्यांनी पाहायचे, आणि पालथे, उताणे किंवा उलटे असताना केवळ कानांनी ऐकायचे.

प्रथम मानेचे पाहू, कारण दुखणे तिथे आहे. मांडी घालून बसल्यावर मध्यम उंचीच्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण ७५ सेंटिमीटरवर येतात. आपल्या टीव्हीचा मध्य साडेपाच फुटांवर, म्हणजे सुमारे १६८ सेंटिमीटरवर आहे. सहा फुटांवरून बसून पाहिले तर नजर सत्तावीस अंशांच्या आसपास वर करावी लागते. हे दहा मिनिटे चालते, पाऊण तास चालत नाही. खरा त्रास मात्र भुजंगासनात होतो. आपण चटई उभी, डोके टीव्हीकडे करून टाकत असाल, असा माझा अंदाज आहे, कारण बहुतेक घरांत तशीच टाकतात. तसे असेल तर भुजंगासनात डोळे जमिनीपासून दीड फुटावर आणि टीव्हीपासून चारेक फुटांवर येतात, आणि बाई काय करताहेत हे पाहण्यासाठी आधीच मागे गेलेली मान आणखी मागे न्यावी लागते. तिथे हा कोन पंचेचाळीस अंशांपर्यंत जातो. आसन बरोबर असते, पण त्या पाहण्यापायी मान धरते. ओळखायची खूण अशी की दुखणे मानेच्या मागच्या बाजूला, कवटीच्या तळाशी असते आणि आसने झाल्यावर तासाभराने जाणवू लागते. दुखणे खांद्यात किंवा हातात उतरत असेल, हाताला मुंग्या येत असतील, तर मात्र ते टीव्हीवर ढकलू नये आणि आधी डॉक्टरांना दाखवावे.

उपाय म्हणजे टीव्ही भिंतीवरून उतरवून त्याच्या स्वतःच्या पायांवर बसवणे. हे दोन पाय खोक्यात आलेले असतात आणि भिंतीवर बसवणारा माणूस ते माळ्यावर टाकून जातो, तेव्हा तिथे शोधावेत. ४३ इंची पडद्याची उंची ५३ ते ५४ सेंटिमीटर असते. सव्वादोन फूट उंचीच्या भक्कम टेबलावर तो ठेवला की पडद्याचा मध्य जमिनीपासून जवळपास १०० सेंटिमीटरवर येतो. आता सहा फुटांवरून बसून पाहताना नजर आठेक अंश वर जाते आणि उभे राहून पाहताना पंधराएक अंश खाली. मान दोन्ही सहन करते. याहून खाली आणू नये, कारण उभ्या आसनांत सतत हनुवटी छातीकडे जाऊ लागते. भिंतीवरचा स्टँड पुढे झुकणारा असल्यास तेवढ्याने काम होईल असे दुकानदार सांगतात. झुकवल्याने खिडकीची चकाकी कमी होते हे खरे, पण पडदा खाली येत नाही आणि मान होती तिथेच राहते. घरात नातवंडे येत असतील तर टेबलावरचा टीव्ही मागच्या भिंतीला पट्ट्याने बांधून घ्यावा, हे विसरू नये.

आता चटई आणि अंतर. चटई टीव्हीला आडवी टाकावी, म्हणजे तिची लांब बाजू पडद्याला समांतर राहील. बहुतेक शिक्षक कॅमेऱ्यासमोर आपली चटई अशीच आडवी टाकतात, कारण तसे केले तरच सूर्यनमस्कार किंवा भुजंगासन बाजूने दिसते. आपली चटई त्यांच्या चटईला समांतर आली की वर्गात शेजारी बसल्यासारखे होते, आणि भुजंगासनात टीव्ही समोर न येता बाजूला राहतो, म्हणजे मान वर करून पाहण्याचा मोहच राहत नाही.

पडदा किती मोठा हवा हे ठरवायला मी इंचांऐवजी एक साधा हिशेब वापरते. पूर्ण चटई चित्रात बसवायची म्हटली की उभ्या शिक्षकाची आकृती पडद्याच्या दोन तृतीयांश उंचीची येते. ४३ इंचीवर ती ३५ सेंटिमीटर भरते. शिक्षिका प्रत्यक्षात १६५ सेंटिमीटर उंच धरली तर सहा फुटांवरून आपल्याला ती अठ्ठावीस फुटांवर उभी असल्यासारखी दिसते, आणि नऊ फुटांवरून बेचाळीस फुटांवर. एखाद्या सभागृहात मागून कितव्या रांगेतून पाहिल्यासारखे वाटते, ते यावरून समजते. पायाचा अंगठा बाहेर वळलेला आहे की सरळ आहे हे अठ्ठावीस फुटांवरून सहज कळते, बेचाळीसवरून चष्मा असेल तर कळते. ५५ इंची टीव्ही घेतला तर सहा फुटांवर हाच आकडा बावीसवर येईल. फरक आहे, पण नवा टीव्ही घेण्याइतका नाही. आपला प्रश्न ३२ इंचीचा असता तर मी वेगळे सांगितले असते.

आपल्या खोलीत हे असे बसते. टेबलामुळे पडदा भिंतीपासून फूटभर पुढे येईल, उरले अकरा फूट. पहिल्या चटईची मधली रेघ पडद्यापासून सहा फुटांवर आणि दुसरीची नऊ फुटांवर घ्यावी. चटई दोन फूट रुंद असल्याने दोन्हींमध्ये फूटभर मोकळी जागा राहते आणि मागच्या चटईमागेही फूटभर उरते. दोन्ही चटया मात्र एकामागे एक सरळ टाकू नयेत. खोली दहा फूट रुंद आणि चटई सहा फूट लांब आहे, तेव्हा पुढची डाव्या भिंतीपासून अर्ध्या फुटावर आणि मागची उजव्या भिंतीपासून अर्ध्या फुटावर टाकावी. दोघे तीन फुटांनी सरकलेले राहतात, त्यामुळे मागच्याला पुढच्याच्या डोक्याआडून पाहावे लागत नाही आणि बाजूला हात पसरले तरी एकमेकांना लागत नाहीत. यासाठी सोफा किंवा दिवाण मागच्या भिंतीवरून हलवावा लागेल. ज्याची नजर कमी, त्याने पुढे बसावे, मग तो घरातला कर्ता का असेना. प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर त्याच्या खालच्या भागातून टीव्ही धूसर दिसतो आणि माणूस नकळत हनुवटी खाली ओढून वरच्या भागातून पाहू लागतो, म्हणून आसनांपुरता केवळ लांबचा जुना चष्मा वापरलेला बरा.

डाव्या-उजव्याचा गोंधळ थोडा सविस्तर सांगते, कारण त्यात तीन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. शिक्षिका आपल्याकडे तोंड करून उभी असेल आणि खरोखर उजवा हात वर करत असेल, तर तो पडद्याच्या डाव्या बाजूला दिसतो. कान ‘उजवा’ ऐकतात, डोळे डावीकडे पाहतात, आणि हात डोळ्यांच्या मागे जातो. काही शिक्षक हे जाणून उलटे करतात: तोंडाने ‘उजवा’ म्हणतात आणि स्वतःचा डावा उचलतात, म्हणजे आपल्याला आरशात पाहिल्यासारखे सरळ अनुकरण करता येते. दोन्ही पद्धती चांगल्या आहेत, पण आज एक आणि उद्या दुसरी असे केले तर शरीराला वळण लागत नाही. म्हणून नवा व्हिडिओ निवडताना पहिल्या पाच मिनिटांत ‘उजवा’ शब्द ऐकू येताच पडदा थांबवावा आणि हात पडद्याच्या कोणत्या बाजूला आहे ते पाहावे. उजव्या बाजूला असेल तर डोळ्यांवर विसंबावे, डाव्या बाजूला असेल तर कानांवर. वहिनी आणि आपण यांपैकी एक जण डोळ्यांवर आणि दुसरा कानांवर जात असल्यामुळेच एकाच व्हिडिओत दोघांचे पाय विरुद्ध पडत असणार.

शिक्षिका बाजूने दिसत असेल तेव्हा हा प्रश्न उरत नाही, अट एवढीच की तिचे तोंड पडद्याच्या ज्या दिशेला, त्याच दिशेला आपले तोंड हवे. ती पडद्याच्या डाव्या टोकाकडे पाहत असेल तर आपणही खोलीच्या डाव्या भिंतीकडे पाहावे. मग तिचा उजवा पाय आणि आपला उजवा पाय एकाच बाजूला पडतो, रस्त्याने जोडीने चालताना पडतो तसा. पाय पडद्याच्या जवळचा की लांबचा, असा विचार मनात आणू नये, तिथेच सगळे बिघडते.

तिसरी गोष्ट माझ्याच चुकीतून शिकले. एकदा मी अश्वसंचालनासनाचा सराव फोनच्या पुढच्या कॅमेऱ्याने टिपून गटावर पाठवला. दोन आठवड्यांनी अशोक चौकाजवळच्या एक काकू मला म्हणाल्या, ‘‘बाई, तुमच्या मागच्या कॅलेंडरातले आकडे उलटे कसे हो?’’ मी पुन्हा पाहिले तेव्हा कळले की फोनने अख्खे चित्रच आरशासारखे उलटवून साठवले होते. मी उजवा पाय मागे नेत होते आणि पडद्यावर डावा जात होता, आवाज मात्र ‘उजवा’ म्हणत होता. तेव्हापासून कोणताही घरगुती व्हिडिओ लावण्यापूर्वी मी मागच्या भिंतीवरची अक्षरे पाहते. अक्षरे नसतील तर साडीचा पदर पाहावा: नेहमीच्या नेसणीत तो डाव्या खांद्यावर असतो. आपल्या शिक्षकांनी पाठवलेली अशी फाइल लॅपटॉपवरून लावत असाल तर व्हीएलसी प्लेअरमध्ये ती सरळ करता येते:

```
Tools > Effects and Filters > Video Effects > Geometry
Transform ☑  →  Flip horizontally
```

समोरून शिकवणाऱ्या सरळ व्हिडिओलाही याच मार्गाने आरशासारखे करता येते. मात्र त्यावर छापलेली आसनांची नावे उलटी दिसतील, आणि काम झाल्यावर ती खूण काढली नाही तर पुढचा चित्रपटही उलटाच लागेल.

फोन जोडल्यावर चित्र अडकते, त्याचे कारण बहुधा असे की आपण फोनचा पडदा जसाच्या तसा टीव्हीवर पाठवता. त्याला मिररिंग म्हणतात. त्यात फोनला आपला पडदा क्षणोक्षणी नव्याने चित्रबद्ध करून वायफायवरून सोडावा लागतो. फोन तापतो, बॅटरी उतरते, कोणाचा फोन आला की शवासनात टीव्हीवर त्याचे नाव झळकते, आणि शेजारपाजारची वायफाय जाळी दाट असली की चित्र खडखडते. यूट्यूबसारख्या ॲपमधल्या व्हिडिओसाठी याची गरजच नाही. ॲपच्या कोपऱ्यात पडदा आणि त्यात वायफायच्या लहरी असे चिन्ह असते, ते दाबून टीव्हीचे नाव निवडावे. याला कास्टिंग म्हणतात. यात फोन केवळ व्हिडिओचा पत्ता टीव्हीला सांगतो आणि टीव्ही तो थेट इंटरनेटवरून घेतो. फोन मग रिमोटसारखा हाताशी राहतो. फरक ओळखायची सोपी कसोटी म्हणजे व्हिडिओ चालू असताना फोनचा पडदा बंद करावा: चित्र चालूच राहिले तर कास्टिंग, थांबले तर मिररिंग. यादीत टीव्हीचे नाव येत नसेल तर बहुतेकदा फोन एका वायफायवर आणि टीव्ही दुसऱ्यावर, किंवा पाहुण्यांसाठी ठेवलेल्या जाळ्यावर असतो. टीव्ही स्मार्ट असेल तर त्यातलेच ॲप रिमोटने उघडावे, फोनच नको.

मिररिंग खरे लागते ते थेट वर्गासाठी किंवा व्हॉट्सॲपवर आलेल्या व्हिडिओसाठी. तिथेही शक्य असेल तर लॅपटॉप आणि एचडीएमआय केबल वापरावी. सगळ्या प्रकारांत तीच भरवशाची. फोनला थेट एचडीएमआय जोडणारे डोंगल घेण्यापूर्वी आपला फोन टाइप-सीमधून चित्र बाहेर देतो का, हे पाहून घ्यावे, कारण स्वस्त फोनपैकी पुष्कळसे देत नाहीत आणि डोंगल घरात पडून राहते. केबल जोडल्यावर शिक्षिकेची पावले पडद्याखाली कापली जात असतील तर टीव्हीच्या चित्राच्या सेटिंगमध्ये आकारासाठी Just Scan, Screen Fit अशा नावाचा पर्याय असतो, तो निवडावा. फोन उभा धरून काढलेला व्हिडिओ आला तर ४३ इंचीवर तो जेमतेम ३० सेंटिमीटर रुंदीची पट्टी बनतो. त्यात उभी आसने उत्तम दिसतात, पण शवासनातली व्यक्ती पडद्यावर वीत-सव्वावीत उरते. शिक्षकांना फोन आडवा धरायला सांगावे.

आता आवाज. मी त्याला चित्राहून वरचे स्थान देते. पर्वतासनात डोके दोन हातांच्या मध्ये असते. सेतुबंधासनात आणि सर्वांगासनात शरीराचा भार मानेवर आणि खांद्यांवर आलेला असतो, आणि त्या स्थितीत पडद्याकडे मान वळवणे म्हणजे मणक्याला इजा ओढवून घेणे. तिथे सूचना कानानेच आली पाहिजे. कानाने कळत नसेल तर ते आसन व्हिडिओवरून करू नये, एवढा कडक नियम मी माझ्या विद्यार्थ्यांना घालून दिला आहे.

टीव्हीचे स्पीकर खालच्या किंवा मागच्या बाजूला तोंड करून असतात. आवाज भिंतीवर आणि फरशीवर आपटून येतो, आणि हॉलमध्ये फरशी, काच आणि रिकाम्या भिंती असल्या की तो घुमतो. त्यात उन्हाळ्यात आपल्याकडे पंखा पाचवर असतो, आणि पंख्याचा घोंघाट नेमका बोलण्यातल्या हलक्या वर्णांवर पसरतो. अशोक चौकाकडच्या घरांत भर पडते ती शेजारच्या यंत्रमागाच्या खटखटीची. अशा वेळी आवाज वाढवला की मागचे संगीतही तेवढेच वाढते आणि शब्द तिथेच राहतात. त्याऐवजी आवाजाच्या सेटिंगमध्ये Clear Voice, Speech किंवा News असा जो पर्याय असेल तो लावावा आणि बास उतरवावा. माझी कसोटी अशी: पंखा नेहमीच्या वेगात ठेवून मागच्या चटईवर मकरासनात, कान हातांत आलेले असताना पडावे. ‘श्वास घ्या’ आणि ‘श्वास सोडा’ यांतला फरक पडद्याकडे न पाहता दहापैकी दहा वेळा कळला पाहिजे. आठ वेळा कळणे पुरेसे नाही, कारण उरलेल्या दोन वेळी मान वळते.

कसोटीत उतरत नसेल तर लहान स्पीकर दोन्ही चटयांच्या मध्ये, भिंतीला लागून, जमिनीवर ठेवावा. ऐकणाऱ्यापासूनचे अंतर निम्मे झाले की थेट येणारा आवाज सहा डेसिबलने वाढतो, त्यामुळे टीव्ही किंचाळवण्यापेक्षा स्पीकर जवळ आणणे केव्हाही स्वस्त पडते. ब्लूटूथ स्पीकरचा आवाज चित्राच्या मागे किंचित रेंगाळतो. आसनांना त्याने काही बिघडत नाही, पण एरोबिक्ससारखा ठेक्यावरचा व्यायाम करणार असाल तर वायरचाच स्पीकर घ्यावा. कानातले इअरबड सेतुबंधासनात निसटून पडतात आणि एकमेकांशी बोलताही येत नाही.

घुमणे कमी करायला आपल्याकडे खास विकत काही आणायला नको. टीव्हीच्या समोरच्या भिंतीवर दुहेरी घडीची सोलापुरी चादर सैल, किंचित चुण्या ठेवून टांगावी, आणि खाली सतरंजी अंथरून तिच्यावर चटई टाकावी. टाळी वाजवून पाहिल्यास मागे येणारी ‘टण्ण’ बरीच बसलेली जाणवेल. चादरीने पंख्याचा आवाज मात्र जात नाही, त्यासाठी शेवटच्या दहा मिनिटांत पंखा दोनवर आणावा लागतो.

थेट वर्गात आपला कॅमेरा म्हणून फोन आणि चित्रासाठी लॅपटॉप अशी दोन यंत्रे एकाच खोलीत जोडली असतील, तर एकाचे माइक आणि स्पीकर दोन्ही बंद ठेवावेत, नाहीतर कर्कश शिट्टी वाजत राहते. कॅमेऱ्याचा फोन चटईच्या लांब बाजूसमोर, टीव्हीच्याच टेबलावर ठेवावा, म्हणजे पाठीचा बाक शिक्षकांना दिसतो. टीव्हीसमोर पूर्वेची खिडकी असेल तर सकाळी सातनंतर पडद्यात तीच दिसू लागते. त्या खिडकीला जाड पडदा लावला की तेही मिटते.